नगेट्स, फिश फिंगर्स आणि वाफेची वाट

फ्रोझन नगेट्सच्या पाकिटामागे ओव्हनसाठी साधारण तीन सूचना छापलेल्या असतात: तापमान किती, मिनिटं किती आणि मध्ये एकदा उलटा. तापमानाचं बटण आपण निमूट फिरवतो, मिनिटं भुकेनुसार कमी-जास्त करतो आणि उलटण्याची सूचना बहुधा वाचतच नाही. मग वरून सोनेरी आणि खालून लिबलिबीत असं काहीतरी ताटात येतं आणि दोष पाकिटाला किंवा यंत्राला दिला जातो. घरात ओटीजी असताना एअर फ्रायर घ्यावा का, हा प्रश्नही याच लिबलिबीतपणातून निघालेला असतो. त्याचं उत्तर शोधायचं तर त्या पाकिटात नेमकं काय असतं, इथून सुरुवात करायला हवी.

ब्रिटनमध्ये ‘बर्ड्‌स आय’ कंपनीने ग्रेट यारमथच्या कारखान्यातून १९५५मध्ये फिश फिंगर्स बाजारात आणली. चिकनचं काम अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट बेकर या प्राध्यापकांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला केलं. त्यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. कोंबडीच्या मांसाचा खिमा कातडीच्या आधाराशिवाय एकसंध कसा ठेवायचा, ही पहिली. दुसरी जास्त चिवट होती. गोठवताना मांस आक्रसतं, तळताना पुन्हा हलतं, आणि या खेचाखेचीत वरचं आवरण गळून पडतं. बेकर यांनी तुकडे आधी गोठवले, मग त्यांवर पातळ पीठ आणि चुरा चढवला आणि पुन्हा गोठवले. या पद्धतीचं पेटंट न घेता त्यांनी ती सरळ छापून टाकली. आज तुमच्या घरी आवरण सुटून ट्रेला चिकटतं, तेव्हा बेकर यांची ती दुसरी अडचणच तुमच्या स्वयंपाकघरात आलेली असते.

कारखान्यात यानंतर आणखी एक पायरी असते आणि सगळी गोम तिच्यात आहे. चुरा लावलेले तुकडे गरम तेलातून जेमतेम अर्धा मिनिट काढतात आणि लगेच गोठवतात. एवढ्यात आवरण घट्ट बसतं, त्याला रंग येतो आणि त्यात तेलही मुरतं. आतला मासा मात्र कच्चाच राहतो. चिकन नगेट्सचं दोन्ही प्रकारे असतं: काही कंपन्या आतून पूर्ण शिजवून विकतात, काही कच्चे. म्हणून ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये वेगळं तेल घालावं लागत नाही, ते आवरणात आधीच आहे. आणि म्हणूनच रंगावर विश्वास ठेवता येत नाही, कारण सोनेरी रंग कारखान्यातून निघतानाच चढलेला असतो.

आता आपलं काम काय उरलं? आत उणे १८ अंशांवर दगड झालेला मासा शिजवायचा आणि बाहेरचं आवरण कोरडं करायचं. दोन्ही कामं एकाच उष्णतेने आणि एकाच वेळी करायची आहेत. त्यात बर्फ फार उष्णता खातो. एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात शून्य अंशाचं किलोभर पाणी ८० अंशांपर्यंत तापतं. फिश फिंगरचा मधला भाग म्हणूनच पहिली कितीतरी मिनिटं शून्याच्या आसपास रेंगाळतो. बाहेर बघावं तर छान तडतडतंय, आत अजून बर्फ. त्याच पाण्याची वाफ करायला तर बर्फ वितळवण्याच्या जवळजवळ सातपट उष्णता लागते. आवरण कुरकुरीत होणं म्हणजे त्यातलं पाणी वाफ होऊन निघून जाणं. वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली तर आवरण कडक होतं, नाहीतर तीच वाफ त्याला शिजवून मऊ करते. ओटीजी आणि एअर फ्रायर यांच्यातला फरक बव्हंशी या वाटेचा आहे.

साध्या ओटीजीत वर आणि खाली तापलेल्या कांड्या असतात. हवा बऱ्यापैकी स्थिर असते. उष्णता पदार्थाला मिळते ती कांड्यांच्या धगीतून आणि तापलेल्या ट्रेतून. तुकड्यातून निघालेली वाफ त्याच्याभोवतीच घोटाळत राहते. एअर फ्रायरमध्ये वर कॉइल आणि तिच्यावर जोरदार पंखा असतो. गरम हवा कडेने खाली जाते, बास्केटच्या भोकांतून वर येते आणि वाटेत वाफ उडवून नेते. पावसाळ्यात बंद खोलीत दोरीवर टाकलेले कपडे आणि पंख्याखाली टाकलेले कपडे यांच्यात जो फरक, तोच इथे. बाकी एअर फ्रायर हा लहान पोटाचा, मोठ्या पंख्याचा ओव्हनच आहे. पंख्याची सोय असलेला ओटीजी या दोघांच्या मध्ये बसतो आणि नीट वापरला तर एअर फ्रायरच्या बराच जवळ जातो.

तापमान निवडताना खरी शर्यत आवरण आणि गाभा यांच्यात असते. तापमान फार ठेवलं तर आवरण करपतं आणि गाभा कच्चा राहतो. कमी ठेवलं तर गाभा शिजतो, पण तोवर माशातलं पाणी झिरपून आवरण भिजवतं आणि चिकन वातड होतं. फिश फिंगर बारीक आणि चपटं असतं, बोटाएवढ्या जाडीचं. उष्णता आत लवकर पोहोचते, म्हणून त्याला चढं तापमान मानवतं: बिनपंख्याच्या ओव्हनमध्ये २२० अंश, पंख्याच्या ओव्हनमध्ये २००, एअर फ्रायरमध्येही २००. पंखा असला की २० अंश कमी, हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. नगेट जाड आणि गोलसर असतो, त्याच्या मध्यापर्यंतचा रस्ता लांबचा. त्याला ओव्हनमध्ये २०० आणि एअर फ्रायरमध्ये १८० ते १९० बरे पडतात. बटाटा-चीजच्या शाकाहारी नगेट्सची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांत कच्चं राहण्याची धास्ती कमी, पण दोन मिनिटं जास्त झाली की चीज उकळून आवरण फोडतं आणि बास्केटच्या जाळीत जाऊन जळतं. फुटण्याआधीच काढणं हाच त्यावर इलाज.

पाकिटावर वेगळा आकडा असेल तर पाकिटाचं ऐका. अडचण एवढीच की आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांवर तळण्याची कृती सविस्तर असते आणि ओव्हनला एखादी ओळ मिळते. शिवाय ओटीजीच्या बटणावरचे २०० म्हणजे आतले २०० असतीलच असं नाही. स्वस्त ओटीजीत पंधरा-वीस अंशांची तफावत सहज असते. ओव्हनमध्ये ठेवायचा लहानसा तापमापक मिळतो; ओटीजीवर वारंवार काही करणाऱ्याने तो घ्यावाच. हजारांच्या यंत्रापेक्षा या काही शेकड्यांच्या वस्तूने जास्त फरक पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. चार जणांसाठी बारा फिश फिंगर्स करायची आहेत. एकेक साधारण २५ ते ३० ग्रॅमचं, म्हणजे सगळं मिळून तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. यंत्र गरम होईपर्यंत पाकीट फ्रीझरमध्येच राहू द्यायचं. आधी काढून ठेवलं तर लवकर होईल असं वाटतं, पण वितळणारा बर्फ चुऱ्यात मुरतो आणि आवरण ओलं होऊन सुटतं. तुकड्यांवर मोकळा बर्फ चिकटला असेल तर झटकून टाकावा. त्याचंही शेवटी पाणीच होणार.

ओटीजी असेल तर दोन्ही कांड्या चालू करून, पंखा असल्यास तोही लावून, दहा मिनिटं रिकामा तापवायचा. थंड ओव्हनमध्ये ठेवलेला तुकडा तापता तापता वितळतो आणि स्वतःच्याच पाण्यात बसून राहतो. आता ट्रेचा प्रश्न. पत्र्याच्या सपाट ट्रेवर ठेवलं की खालच्या बाजूच्या वाफेला वाटच राहत नाही. म्हणून ओटीजीबरोबर आलेली जाळी मधल्या खणात लावावी, तिच्यावर तुकडे मांडावेत आणि तेलाचे थेंब झेलायला खालच्या खणात ट्रे सरकवावा. जाळीच्या दांड्यांमधलं अंतर जास्त असेल आणि मऊ झालेलं फिंगर त्यात वाकेल असं वाटलं, तर केक थंड करायची बारीक जाळी त्या ट्रेवर ठेवावी. मात्र ती उष्णता सोसणारी, पूर्ण धातूची असावी. दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा सोडायची. बारा फिंगर्स एका खेपेत आरामात मावतात. नऊ-दहा मिनिटांनी उलटायची आणि पुढे सहा ते आठ मिनिटं द्यायची.

एअर फ्रायर असेल तर तीन मिनिटं तापवणं पुरतं. चार लिटरच्या बास्केटमध्ये नीट, एकेरी थरात आठेक फिंगर्स बसतात. उरलेली चार वर रचण्याचा मोह होतो, पण थर चढला की हवेची वाट बंद होते आणि मग त्या महागड्या पंख्याचा काही उपयोग राहत नाही. त्यापेक्षा दुसरी खेप करावी. २०० अंशांवर पाच-सहा मिनिटांनी उलटायची, नंतर तीन-चार मिनिटं. दुसऱ्या खेपेला यंत्र आधीच तापलेलं असतं, म्हणून एखादं मिनिट आधीच डोकावून बघावं. बास्केट धुवायचा कंटाळा म्हणून तळाला कागद पसरणारे पुष्कळ आहेत. कागदाने तळाची भोकं झाकली की तिथे सपाट ट्रेचीच गत होते. आणि रिकामं यंत्र तापवताना आत नुसता कागद ठेवला तर पंख्याच्या झोताने तो उडून कॉइलला लागू शकतो. तेव्हा ते करूच नये.

विजेचं बघायचं तर १६०० वॉटचा ओटीजी तापवण्यापासून शेवटपर्यंत २८ मिनिटं चालला, तर जास्तीत जास्त पाऊण युनिट जाईल. प्रत्यक्षात कमीच, कारण ठरलेलं तापमान गाठल्यावर कांड्या मधूनमधून बंद होतात. १४०० वॉटचा एअर फ्रायर एका खेपेला तेरा मिनिटं चालला तर फार तर ०.३ युनिट, दोन खेपांना अर्ध्या युनिटच्या आसपास. म्हणजे बारा फिंगर्सनाच बचत पुष्कळशी विरते. वाढदिवसाला चाळीस नगेट्स करायचे झाले, तर एअर फ्रायरवाला चार खेपा करत स्वयंपाकघरातच अडकतो आणि पहिली खेप शेवटच्या खेपेपर्यंत गार होते. ओटीजीतून ते दोन ट्रेंमध्ये, फार तर मध्ये ट्रेंच्या जागा बदलून, एकत्र निघतात.

उलटण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याची वेळ बहुतेक जण चुकवतात. ओटीजीत खालची बाजू जाळीवर असली तरी तिथे वरच्यापेक्षा ओलावा जास्त साठतो. एअर फ्रायरमध्ये वरची बाजू कॉइलसमोर असते, म्हणून ती आधी लाल होते. दोन्हीकडे उलटायला हवंच, पण फार लवकर नाही. पहिल्या काही मिनिटांत बाहेरचा बर्फ वितळून आवरण सर्वांत मऊ झालेलं असतं. त्या वेळी चिमटा लावला तर चुऱ्याचा पापुद्रा चिमट्याला येतो आणि मासा उघडा पडतो. निम्म्याहून थोडा अधिक वेळ गेला की आवरण पुन्हा आवळून बसतं. ओळखायची खूण सोपी आहे: कडेला हलकेच ढकलून बघा. तुकडा सहज सरकला तर उलटा. धरून बसला असेल तर आणखी एक मिनिट थांबा, ओढू नका.

नगेट्सना एअर फ्रायरमध्ये एकेक उलटत बसायची गरज नाही. सहा-सात मिनिटांनी बास्केट बाहेर काढून दोनदा चांगली झटकली की भागतं. ते दाबलेल्या खिम्याचे, घट्ट असतात आणि आपटाआपटी सोसतात. फिश फिंगर्सना मात्र झटकू नये. शिजत आलेला मासा पापुद्र्या-पापुद्र्यांत सुटत असतो, आणि लांबट आकारामुळे तो मधोमध मोडतो. ती चिमट्याने किंवा चपट्या उलथन्याने एकेक करूनच उलटायची. ओटीजीत उलटताना दार उघडं ठेवून आत हात घालून काम केलं तर उष्णता भराभर निघून जाते. जाळी बाहेर काढावी, दार लावावं, ओट्यावर उलटावं आणि परत सरकवावी.

झालं की नाही, हे रंगावरून ठरवता येत नाही असं वर म्हटलं. मग कशावरून? सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यात टोचायचा तापमापक असेल तर चिकनला ७४ आणि माशाला ६३ अंश, हे अमेरिकेच्या कृषी खात्याने घालून दिलेले आकडे. ब्रिटनमध्ये ७० अंश दोन मिनिटं टिकायला हवेत असं सांगतात. तापमापक नसेल तर एक फिंगर मधून मोडून बघा: मासा पांढरा, अपारदर्शक झालेला असावा, बोटाने दाबल्यावर पाकळ्या सुटाव्यात आणि मध्यातून वाफ निघावी. काचेसारखा चकाकणारा, रबरी भाग दिसला तर अजून दोन मिनिटं. चिकनला ही परीक्षा पुरत नाही, कारण खिमा पांढरा दिसला तरी मध्ये पुरेसा तापलेला असेलच असं नाही. पाकिटावर आतलं मांस कच्चं असल्याचा उल्लेख असेल, किंवा पूर्ण शिजवलेलं असल्याचं कुठेच लिहिलेलं नसेल, तर ते कच्चंच समजून वागावं. हे भय काल्पनिक नाही. कॅनडात चुरा लावलेल्या कच्च्या, फ्रोझन चिकनमुळे साल्मोनेला जंतूंच्या आजाराच्या साथी वारंवार झाल्या, कारण सोनेरी रंग बघून लोक ते शिजलेलं समजत होते. अखेर १ एप्रिल २०१९पासून तिथल्या सरकारने उत्पादकांना या जंतूंबाबत कडक अट घातली. घरात असे कच्चे नगेट्स हाताळल्यावर हात धुवावेत, आणि ज्या चिमट्याने ते मांडले त्याच चिमट्याने, न धुता, वाढू नयेत.

कधीकधी सगळं नीट करूनही आवरण सुटतं. तेव्हा दोष दुकानापासून घरापर्यंतच्या प्रवासात असू शकतो. एप्रिल-मेच्या उन्हात पाकीट तासभर पिशवीत राहिलं, किंवा दुकानात रात्री वीज गेली आणि माल अर्धवट वितळून पुन्हा गोठला, तर चुऱ्याखाली पाणी उतरून तिथेच बर्फ होतो. पाकीट हलवून बघा. तुकडे सुटे खुळखुळले तर माल चांगला आहे. एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल किंवा आत बर्फाचा चुरा साचला असेल, तर ते पाकीट परत ठेवा. घरी आणताना थंडाव्याची पिशवी न्यावी आणि फ्रोझन माल सर्वांत शेवटी घ्यावा.

यंत्रातून काढल्यावर एक-दोन मिनिटं जाळीवरच राहू द्यावं, म्हणजे उरलेली वाफ निघून जाते. ताटात एकावर एक रचून वर झाकण घातलं, किंवा गरम असतानाच मुलांच्या डब्यात भरून डबा लावला, तर इतका वेळ बाहेर घालवलेली वाफ पुन्हा आवरणात शिरते. डब्यात द्यायचेच असतील तर आधी पुरते गार होऊ द्यावेत. मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा गरम करणं हा तर आवरण घालवायचा खात्रीचा मार्ग आहे, कारण तिथे आतलं पाणी आधी तापतं आणि बाहेरच्या चुऱ्यात येऊन बसतं. कन्व्हेक्शनची सोय असलेला मायक्रोवेव्ह असेल तर ती सोय वापरा आणि ओटीजीसारखाच तो आधी तापवून घ्या.

राहता राहिला विकत घेण्याचा प्रश्न. एक-दोन माणसांसाठी, एका खेपेत मावेल एवढंच आणि आठवड्यातून अनेकदा करायचं असेल तर एअर फ्रायर सोयीचा, जलद आणि कमी वीज खाणारा आहे. चार माणसांच्या पुढे किंवा घरी पाहुण्यांचा राबता असेल तर पंख्याचा ओटीजी बरा. आणि तसा ओटीजी तुमच्याकडे आधीच असेल तर निव्वळ नगेट्स आणि फिश फिंगर्ससाठी एअर फ्रायर घेऊ नका. एक चांगली जाळी, एक चिमटा आणि एक तापमापक घ्या.